एफडी मोडताना: दंड किती, दर कोणता आणि हिशोब कसा तपासायचा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात रहिवाशांपुढे झालेले भाषण)



कमिटीने मला सांगितलं की तुम्ही बँकेत नोकरी केली आहे, तर पैशांविषयी काहीतरी बोला. पैशांविषयी बोलायचं तर रात्र पुरणार नाही. म्हणून मी एकच विषय घेतो, तोही अगदी लहान. मुदत ठेव, म्हणजे आपली एफडी, मुदतीआधी मोडली तर बँक दंड कसा लावते, आणि तिने लावलेला दर बरोबर आहे का, हे आपलं आपण कसं तपासायचं. आपल्या तिन्ही विंगमध्ये एफडी नाही असं घर शोधूनच काढावं लागेल. आणि ठेव मोडायची वेळ येते ती बहुतेक घाईची असते: दवाखाना, मुलाची फी, घराचा हप्ता. त्या गडबडीत बँकेने दिलेला कागद कोणी वाचत नाही.

काउंटरवर मी वर्षानुवर्षं एक वाक्य ऐकलं: "अर्धा टक्काच कापतात ना? मग ठीक आहे." हे वाक्य अर्धंच खरं आहे. अर्धा टक्का कापतात हे खरं, पण तो कशातून कापतात हा खरा प्रश्न. लोक समजतात की पावतीवर सव्वासात टक्के लिहिलंय, त्यातून अर्धा गेला की पावणेसात मिळणार. तसं होत नाही.

ठेव मोडताना तीन दर डोळ्यांपुढे येतात. पहिला, पावतीवर छापलेला दर. दुसरा, ठेव जितके दिवस खरोखर बँकेत राहिली तितक्या मुदतीसाठी बँक जो दर देते तो. तिसरा, आज बँकेच्या भिंतीवर लावलेला दर. यातला दुसरा दर आपल्याला लागू होतो, आणि तोही आजचा नाही, ज्या दिवशी ठेव ठेवली त्या दिवशीचा. म्हणजे तीन वर्षांसाठी ठेवलेली ठेव सव्वा वर्षाने मोडली, तर बँक असं धरते की तुम्ही ती पहिल्यापासून सव्वा वर्षासाठीच ठेवली होती. त्या दिवशी सव्वा वर्षाला जो दर होता तो घ्यायचा आणि त्यातून दंडाचा अर्धा किंवा एक टक्का वजा करायचा. उरेल तो दर पहिल्या दिवसापासून लागू.

रिझर्व्ह बँकेच्या ठेवींवरील व्याजाच्या निर्देशांतही हेच आहे. व्याज करारातल्या दराने नाही, ठेव जितका काळ राहिली त्या काळाच्या दराने द्यायचं. दंड किती असावा हे मात्र ज्या त्या बँकेवर सोडलं आहे. अट एवढीच की तो किती हे ठेव घेतानाच ग्राहकाला सांगितलं पाहिजे. म्हणून आपल्या बँकेचा दंड शेजाऱ्याला विचारू नका, आपल्या पावतीच्या अटींत बघा. काही बँकांत पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला अर्धा टक्का आणि त्यावरच्या ठेवीला एक टक्का असं आहे.

आता एक हिशोब पूर्ण करून दाखवतो. हा आपल्याच सोसायटीतल्या एका आजींचा आहे. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव सांगत नाही, बँकेचंही सांगत नाही, आणि आकडे तोंडी करता यावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

आजींनी १ जुलै २०२३ रोजी चार लाख रुपये तीन वर्षांसाठी ठेवले. दर ज्येष्ठ नागरिकांचा, सव्वासात टक्के. व्याज दर तिमाहीला बचत खात्यात जमा व्हायचं. चार लाखांचं सव्वासात टक्क्यांनी वर्षाचं व्याज २९,००० रुपये, म्हणजे तिमाहीला ७,२५० रुपये. त्यातून त्यांची औषधं आणि बाईचा पगार निघायचा. सव्वा वर्षाने गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आणि १ ऑक्टोबर २०२४ ला ठेव मोडावी लागली. खात्यात जमा झाले ३,९३,७५० रुपये. आजी पासबुक घेऊन माझ्याकडे आल्या. "अरे, व्याज तर मी दर तिमाहीला घेतच होते. मग माझं मुद्दल कसं कमी झालं? चार लाख ठेवले होते, चार लाख तर मिळायला हवेत."

हा प्रश्न दर तिमाहीला किंवा दर महिन्याला व्याज घेणाऱ्या प्रत्येकाला पडतो, म्हणून त्याचं उत्तर नीट समजून घेऊ. आजींनी पाच तिमाह्यांचं व्याज घेतलं होतं: ७,२५० गुणिले ५, म्हणजे ३६,२५० रुपये. हे सगळं सव्वासात टक्क्यांनी दिलेलं. ठेव मोडल्यावर दर पहिल्या दिवसापासून बदलला. म्हणजे त्यांना जितकं मिळायला हवं होतं त्यापेक्षा जास्त व्याज आधीच मिळून गेलं होतं. ते जास्तीचं व्याज बँक परत घेणार, आणि घ्यायला तिच्या हातात मुद्दलाशिवाय दुसरं काही नाही. म्हणून मुद्दल कमी दिसतं. इथपर्यंत बँकेने केलं ते नियमानेच.

पण किती परत घ्यायचं? ते तपासायला मी आजींकडे तीन गोष्टी मागितल्या: मूळ पावती, ठेव बंद केल्याचा बँकेचा हिशोब, आणि १ जुलै २०२३ चा त्या बँकेचा व्याजदर तक्ता. पहिल्या दोन त्यांच्या पिशवीत होत्या. तिसरी बँकेच्या संकेतस्थळावर जुन्या दरांच्या यादीत मिळाली. तिथे मिळाली नाही तर शाखेत एका ओळीचा अर्ज करून मागावी.

त्या तक्त्यात एक वर्ष ते दोन वर्षांच्या आतल्या ठेवीला सामान्य ग्राहकाला साडेसहा टक्के आणि ज्येष्ठ नागरिकाला सात टक्के होते. आजींची ठेव १५ महिने राहिली, म्हणजे टप्पा हाच. ज्येष्ठ नागरिकाचे सात टक्के, दंड अर्धा टक्का, उरले साडेसहा. चार लाखांचं साडेसहा टक्क्यांनी वर्षाचं व्याज २६,००० रुपये, तिमाहीचं ६,५००, पाच तिमाह्यांचं ३२,५००. मिळालेलं ३६,२५०. जास्तीचं ३,७५०. म्हणजे आजींना ३,९६,२५० रुपये मिळायला हवे होते.

मिळाले ३,९३,७५०. फरक अडीच हजारांचा. हा कुठून आला? बँकेच्या हिशोबाच्या कागदावर "लागू दर ६.००" असं बारीक अक्षरात होतं. सहा टक्के केव्हा येतात? साडेसहातून अर्धा वजा केला तर. आणि साडेसहा हा सामान्य ग्राहकाचा दर. म्हणजे नवा दर काढताना ज्येष्ठ नागरिकांचा वाढीव अर्धा टक्का गळला होता. पावती ज्येष्ठ नागरिकाची, व्याज दिलं ज्येष्ठ नागरिकाच्या दराने, आणि मोडताना मात्र त्यांना सामान्य ग्राहक धरलं. पावतीच्या अटींत वाढीव दर ठेव मोडल्यास मिळणार नाही असं कुठेच नव्हतं.

आजींनी शाखाधिकाऱ्यांच्या नावाने पाच ओळींचं पत्र दिलं. आरोप नाही, रागही नाही. ठेवीचा क्रमांक, ठेवल्याची तारीख, मोडल्याची तारीख, त्या दिवशीच्या तक्त्याप्रमाणे ज्येष्ठ नागरिकाचा दर ७.००, दंड ०.५०, येणारा दर ६.५०, लावलेला दर ६.००, फरक २,५०० रुपये, कृपया तपासून जमा करावा. सोबत तक्त्याची प्रत. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का. दहा दिवसांत पैसे जमा झाले. हिशोबच समोर ठेवला की समोरच्यालाही उत्तर देणं सोपं जातं.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट बघा. आजींचे गेलेले ३,७५० रुपये हे सगळे दंडाचे नव्हते. सव्वासातवरून सातवर आलो त्या पाव टक्क्याचे १,२५०, आणि दंडाच्या अर्ध्या टक्क्याचे २,५००. इथे टप्प्याचा फरक लहान होता. बऱ्याचदा उलटं असतं. दंड लहान आणि टप्प्याची घसरण मोठी. ते दाखवायला दुसरं उदाहरण घेतो.

समजा त्याच बँकेत, त्याच तक्त्याप्रमाणे, एका ज्येष्ठ नागरिकाचे चार लाख आहेत आणि वर्ष पूर्ण व्हायला दहाच दिवस बाकी असताना ते ठेव मोडायला निघाले. एक वर्षाच्या आतल्या टप्प्याला, समजा, ज्येष्ठ नागरिकांचा दर सहा टक्के होता. दंड जाऊन साडेपाच. ३५५ दिवसांचं व्याज येतं साधारण २१,३९७ रुपये. दहा दिवस थांबून वर्ष पूर्ण केलं तर टप्पा बदलतो, सात वजा अर्धा, साडेसहा टक्के, वर्षाचे २६,००० रुपये. दहा दिवसांनी फरक पडला ४,६०३ रुपयांचा. या दहा दिवसांचं नेहमीचं व्याज साधारण सातशे. बाकीचे पैसे केवळ टप्पा ओलांडल्याचे.

"पण पैसे आजच हवेत," असं कोणी म्हणेल. मग त्या दहा दिवसांपुरतं ठेवीवरच कर्ज काढा. साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त दराने ते मिळतं. तीन लाख रुपये सव्वाआठ टक्क्यांनी दहा दिवस वापरले तर व्याज ६७८ रुपये. ठेव मोडण्याऐवजी ते भरलं तरी चार हजारांच्या आसपास वाचतात. मात्र पैसे वर्षभर परत करता येणार नसतील तर कर्जाचा मोह नको, तेव्हा ठेव मोडणं बरं. म्हणून मोडण्याआधी कॅलेंडर काढा आणि पुढचा टप्पा किती दिवसांवर आहे ते मोजा.

आता ज्यांची ठेव चक्रवाढ व्याजाची आहे, म्हणजे सगळं व्याज शेवटी एकदम मिळणार, त्यांच्यासाठी. मोबाईलवर बँकेच्या ॲपमध्ये ठेवीसमोर आजवर जमलेली रक्कम दिसते. ती पावतीवरच्या दराने काढलेली असते, ती मिळेल असं धरू नका. दोन लाखांची ठेव सात टक्क्यांची असेल तर १५ महिन्यांनी तिथे २,१८,१२३ दिसेल. मोडताना दर सहा टक्क्यांवर आला असेल तर मिळतील २,१५,४५७. तपासायची रीत सोपी आहे. व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळतं. सहा टक्के भागिले चार, दीड टक्का, म्हणजे दर तिमाहीला १.०१५ ने गुणायचं. पाच तिमाह्या झाल्या तर दोन लाखांना पाच वेळा गुणा, मोबाईलच्या साध्या कॅल्क्युलेटरवर. तिमाही पूर्ण होऊन वर काही दिवस उरले असतील तर तेवढ्या दिवसांचं सरळव्याज मिळवा. बँकेच्या आकड्यात आणि तुमच्या आकड्यात रुपया-दोन रुपयांचा फरक आला तर सोडून द्या, तो पूर्णांकाचा. शेकड्यांत फरक आला तर मात्र दर चुकला आहे किंवा दिवस चुकले आहेत.

रक्कम जुळत नसेल तर दोन ठिकाणी आधी बघा. पहिलं, ठेवीची तारीख. ठेव आपोआप नूतनीकरण होत आली असेल तर पहिल्यांदा पैसे ठेवल्याची तारीख कामाची नाही, शेवटच्या नूतनीकरणाची तारीख धरायची आणि त्या दिवशीचाच तक्ता. दुसरं, टीडीएस. कापलेला कर सरकारकडे गेलेला असतो, तो दंड नव्हे. तो विवरणपत्रात आपल्या नावावर दिसतो. दंडाच्या हिशोबात तो मिसळला की काहीच जुळत नाही, म्हणून ती ओळ बाजूला काढून ठेवा.

आणखी एक खोच आहे. कधी कधी लांब मुदतीपेक्षा मधल्या मुदतीला दर जास्त असतो. पाच वर्षांना साडेसहा आणि दीड वर्षाला पावणेसात, असं घडतं. अशा वेळी पाच वर्षांची ठेव दीड वर्षाने मोडली तर पावणेसात मिळतील असं कोणाला वाटेल. पण बहुतेक बँकांच्या अटींत "दोहोंपैकी जो कमी तो" असं असतं. म्हणजे साडेसहाच धरायचे आणि त्यातून दंड वजा. ही ओळ पावतीच्या मागे शोधा. दंडाची टक्केवारी तिच्या आसपासच सापडते.

काही ठेवींना हे सगळं लागू नाही, तेही सांगतो. कर वाचवण्यासाठी पाच वर्षांची ठेव असते ती मुदतीआधी मोडताच येत नाही. सात दिवसांच्या आत मोडलेल्या ठेवीला व्याजच नाही. आणि ठेवीदाराचं निधन झालं असेल आणि वारस किंवा नामनिर्देशित व्यक्ती ठेव मुदतीआधी काढत असेल, तर दंड लावायचा नसतो. दर मात्र ठेव राहिली त्या काळाचाच. अशा प्रसंगी घरची माणसं हिशोब बघायच्या मनःस्थितीत नसतात, म्हणून शेजाऱ्याने एकदा तो कागद बघावा. दंडाच्या रकान्यात शून्य आहे ना, एवढंच बघायचं.

आता दोन शब्द आपल्या सोसायटीच्या ठेवींविषयी, कारण खजिनदार समोरच बसले आहेत. सोसायटीला ज्येष्ठ नागरिकांचा दर नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही. पण रकमा मोठ्या असतात. सिंकिंग फंडाची नऊ लाखांची एकच पावती केली आणि उद्या पंपासाठी दोन लाख लागले, तर ठेवीतून थोडेच पैसे काढू देतात की पूर्ण पावती मोडावी लागते, हे बँकेच्या अटींवर ठरतं. शिवाय काही बँकांत पाच लाखांवर दंड दुप्पट. त्यापेक्षा तीन लाखांच्या तीन पावत्या केल्या तर एकच मोडावी लागते आणि दंडही कमी दराने. व्याज तेवढंच मिळतं. ठराव करताना पावत्या किती करायच्या हेही लिहावं, एवढीच सूचना.

तक्रारीचा मार्ग असा. आधी शाखेत लेखी, पोच घेऊन. मग बँकेच्या तक्रार निवारण विभागाकडे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, cms.rbi.org.in या संकेतस्थळावर, फी न भरता. पतसंस्थेतल्या ठेवी मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. तिथे सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जावं लागतं आणि दंडाचे नियमही संस्थेचे स्वतःचे असतात.

शेवटी एक काम सांगतो, पुढची ठेव ठेवाल त्या दिवशी करायचं. शाखेत भिंतीवर दराचा तक्ता असतो. मोबाईलवर त्याचा फोटो घ्या, छापून पावतीच्या पाठीमागे टाचणीने लावा आणि पावतीवर पेन्सिलीने दंडाची टक्केवारी लिहून ठेवा. दोन वर्षांनी तुम्हाला, किंवा तुमच्या मुलांना, ठेव मोडावी लागली तर हिशोबाला लागणारे सगळे आकडे एकाच टाचणीला असतील.

कोणाला आपली पावती दाखवायची असेल तर कार्यक्रमानंतर मी इथेच बसलेला आहे. कॅल्क्युलेटर आणलाय.